स्विचच्या डाव्या जॉय-कॉनचा संपर्क तो यंत्राला लावलेला असतानाच तुटतो: रूळ झिजला आहे की पिना?

सुप्रिया_नाशिक

आमच्याकडे निन्टेन्डो स्विच आहे, पहिल्या पिढीतला, पडद्याच्या दोन्ही बाजूंना जॉय-कॉन सरकवून लावायचा. मुलगा बहुतेक वेळा तो हातात धरूनच खेळतो. गेल्या काही आठवड्यांपासून डाव्या जॉय-कॉनचा संपर्क मधेच तुटतो, खेळ थांबतो आणि कंट्रोलर पुन्हा जोडण्याची सूचना पडद्यावर येते. यंत्र टेबलावर सपाट ठेवले तर असे होत नाही. हातात धरून जरा तिरके केले किंवा अंगठ्याने काठी जोरात वर ढकलली की होते. तोच जॉय-कॉन काढून हातात मोकळा धरला तर तासभर निर्धोक चालतो. लावताना पूर्वी जो खणखणीत ‘टक्’ आवाज यायचा, तो आता ऐकू येत नाही असे मुलाचे म्हणणे आहे.

शहरातील एका दुकानात दाखवले, तेव्हा त्यांनी हातात घेऊनही न पाहता नवी जोडी घ्या असे सांगितले. नवी जोडी घेण्याला माझी हरकत नाही, परंतु दोष यंत्राकडच्या रुळात असेल तर नवा जॉय-कॉनही तसाच तुटेल, ही शंका मनातून जात नाही. दोष कोणत्या बाजूला आहे हे घरच्या घरी ठरवता येईल का?

खोडरबर

सुप्रियाताई, हा सरळ सरळ पिनांवर चढलेल्या मळाचा प्रकार आहे. हाताचा घाम, चिवड्याचे तेल आणि धूळ रुळातून खाली उतरून तळाशी साचतात. साधे पांढरे खोडरबर पातळ कापून पिनांवरून फिरवा, लखलखीत होतील. संगणकाची रॅम आम्ही वर्षानुवर्षे अशीच साफ करत आलो आहोत. जोडीला System Settings मधून कंट्रोलरचे अपडेटही करून घ्या.

मंदार_ठाणे

हा दोष जुना आणि प्रसिद्ध आहे. २०१७ साली स्विच बाजारात आला तेव्हा डाव्याच जॉय-कॉनचा ब्लूटूथ संपर्क तुटत असे आणि दुरुस्तीत आत एक छोटा विद्युत्‌वाहक फोमचा तुकडा चिकटवून तो दोष दूर केला जाई. तुमचाही डावाच आहे, म्हणजे फोमच लावावा लागेल.

यंत्रवेल्हाळ

मंदार, फोमची गोष्ट खरी आहे, पण ती इथली नाही. तो दोष जॉय-कॉन मोकळा असताना दिसायचा, कारण गडबड अँटेनाच्या भोवती होती. सुप्रियाताईंचा जॉय-कॉन मोकळा असताना उत्तम चालतो आणि लावल्यावर तुटतो, म्हणजे लक्षण नेमके उलटे आहे.

याचे कारण समजून घेतले तर पुढचा शोध सोपा होईल. मोकळा जॉय-कॉन यंत्राशी ब्लूटूथने बोलतो, पण रुळावर बसवला की तो ब्लूटूथ सोडून तळाशी असलेल्या १० पिनांच्या जोडणीवरून बोलू लागतो आणि त्याच जोडणीतून चार्जही होतो. या १० पिनांपैकी काही वीजपुरवठ्याच्या, काही माहितीच्या आहेत. त्यामुळे चार्जिंगचे चिन्ह दिसते म्हणून सगळ्या पिना ठीक आहेत असे मानणे चुकीचे ठरते. वीज येत राहून केवळ माहितीची पिन सुटल्याची उदाहरणे माझ्या टेबलावर बऱ्याचदा आली आहेत.

दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवण्यासाठी एकही स्क्रू न उघडता पुढीलप्रमाणे करून पाहा. दोन्ही जॉय-कॉन लावलेले ठेवून HOME बटण दाबून धरा आणि येणाऱ्या पट्टीतून Airplane Mode सुरू करा. हातात धरून खेळताना हे सुरू केले की ब्लूटूथ बंद होते आणि जॉय-कॉनकडे रुळावरच्या पिनांशिवाय दुसरी वाट उरत नाही. एरवी पिनांचा संपर्क सुटताच जॉय-कॉन ब्लूटूथकडे धाव घेतो, त्यामुळे क्षणभराची तूट आणि कायमची तूट यांत फरक कळत नाही; आता तो कळेल. मग System Settings, त्यात Controllers and Sensors, त्यात Test Input Devices असे जाऊन बटणे तपासण्याचा पडदा उघडा आणि डाव्या बाजूचे एक बटण सतत दाबत राहा.

आता यंत्र एका हातात घट्ट धरून, मागचे सुटकेचे गोल बटण न दाबता, जॉय-कॉन हलकेच वर ओढा. तो वर सरकत असेल तर खिट्टी झिजली आहे. पिना रुळाच्या खालच्या टोकाला असल्यामुळे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे सरकणेही संपर्क तोडायला पुरते. तो वर सरकत नसेल, पण पुढे-मागे पिळल्यावर बटणांची नोंद थांबत असेल, तर रुळाचा ढिलेपणा किंवा पिना यांच्याकडे पाहावे लागेल. हीच परीक्षा दुसऱ्या कोणाचा तरी डावा जॉय-कॉन तुमच्या यंत्रावर लावून करा, आणि जमल्यास तुमचा त्यांच्या यंत्रावर लावूनही करा. दोष कोणाच्या मागे जातो ते पाहायचे.

खोडरबराबद्दल एक विनंती आहे. रॅमच्या पट्टीवर सपाट पाती असतात आणि ती हातात धरून पुसता येते. इथे पिना अरुंद खाचेत आहेत, त्यांच्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा आहे आणि खोडरबराचा चुरा आतच राहतो. ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरेसा होतो.

खोडरबर

चुऱ्याचा मुद्दा मान्य आहे. मात्र मळ हे कारण नाही असे कोणी म्हणू नये. माझ्या भाच्याचा जॉय-कॉन साफसफाईनेच बरा झाला होता.

यंत्रवेल्हाळ

मळ हे कारण असू शकते, म्हणूनच साफसफाई आधी करायची. आक्षेप फक्त हत्याराला आहे. साफ करताना यंत्र पूर्ण बंद असावे. पॉवर बटण काही सेकंद दाबून Power Options मधून Turn Off करावे, केवळ झोपवून ठेवू नये. अल्कोहोल ब्रशला लावावा, रुळात ओतू नये, आणि तो पूर्ण उडून जाईपर्यंत जॉय-कॉन लावू नये.

सुप्रिया_नाशिक

आपण सांगितल्याप्रमाणे शेजारच्या मुलाचा डावा जॉय-कॉन आणून सर्व परीक्षा केल्या. जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते.

आमचा जॉय-कॉन सुटकेचे बटण न दाबताही वर ओढला जातो आणि किंचित सरकताच बटणांची नोंद थांबते. खाली दाबला की पुन्हा सुरू होते. शेजाऱ्यांचा जॉय-कॉन आमच्या यंत्रावर स्पष्ट ‘टक्’ आवाज करून बसला आणि ओढूनही वर आला नाही. परंतु तो पुढे-मागे पिळला असता एकदा नोंद थांबली, नंतर पुष्कळ प्रयत्न करूनही तसे पुन्हा घडले नाही. आमचा जॉय-कॉन त्यांच्या यंत्रावरही तसाच वर सरकला. अल्कोहोलने दोन्ही बाजूंच्या पिना पुसल्या, ब्रशवर करडा मळ आला, मात्र सरकणे आणि तुटणे होते तसेच आहे.

मग दोष दोन्हीकडे आहे असे समजावे का?

यंत्रवेल्हाळ

हो, दोन निराळे दोष एकत्र आले असावेत, आणि त्यांतला मोठा जॉय-कॉनच्या खिट्टीचा आहे. ती तुमच्याबरोबर शेजाऱ्यांच्या यंत्रावरही गेली, याहून स्पष्ट पुरावा नको. यंत्राकडच्या डाव्या रुळाचाही थोडा ढिलेपणा असावा असा माझा अंदाज आहे, पण एकदाच घडलेल्या तुटीवरून निकाल देता येत नाही. आधी खिट्टी, मग रूळ, असा क्रम ठेवा.

खिट्टी म्हणजे सुटकेचे बटण दाबले की आत जाणारा आणि सोडले की स्प्रिंगमुळे बाहेर येणारा छोटा दात. जॉय-कॉन पूर्ण खाली सरकला की तो यंत्राच्या रुळातील खाचेत अडकतो, तोच तो आवाज. मूळ खिट्टी प्लास्टिकची आणि यंत्राकडचा रूळ धातूचा आहे, त्यामुळे झिजते ती खिट्टी. बटण न दाबता ओढून काढण्याची सवय असेल तर दाताची कड गोल होते. मनगटाची दोरी असलेली पट्टी उलटी बसवण्यामुळेही खिट्टीचे फार हाल होतात. पट्टीवर + आणि − ही चिन्हे असतात, ती जॉय-कॉनवरच्या + आणि − बटणांशी जुळली पाहिजेत. उलटी गेली तर ती रुळात अडकते आणि मग घरातले कोणीतरी बळ लावून ती उपटते. भिंगातून दाताकडे पाहा. कड चौकोनी राहिली आहे की झिजून चकचकीत आणि उतरती झाली आहे, हे डोळ्यांना दिसते.

सुप्रिया_नाशिक

भिंगातून पाहिले. कड एका बाजूला उतरती आहे आणि तिथे प्लास्टिकचा पांढुरका ओरखडाही दिसतो. दोरीची पट्टी एकदा उलटी अडकली होती, ही माहिती आता चौकशी केल्यावर मिळाली.

ओवी_टोरांटो

माझा अनुभव थोडा निराळा आहे, पण तो या धाग्यावर असावा म्हणून लिहिते. माझ्याकडे खिट्टी चांगली होती, दुसऱ्यांचे जॉय-कॉनही माझ्या यंत्रावर तुटत आणि माझे दुसऱ्यांकडे नीट चालत. म्हणजे दोष यंत्राकडे होता. टॉर्चच्या उजेडात पाहिले तेव्हा रुळाच्या तळाशी असलेल्या पिनांपैकी दोन शेजाऱ्यांपेक्षा खाली दबलेल्या दिसल्या. मी शिवणाच्या सुईने त्या हलकेच उचलल्या आणि जॉय-कॉन चालू लागला. आठवड्याभरात पुन्हा तुटायला लागला. दबलेल्या पिनेतला ताण गेलेला असतो, ती उचलली तरी पुन्हा खाली बसते. शेवटी पूर्ण रूळ बदलला. नवा रूळ त्याच्या पट्टीकेबलसह मिळतो.

ते काम जॉय-कॉन उघडण्याइतके सोपे नाही. मागचे झाकण काढल्यावर धातूचे कवच काढावे लागते, त्याखाली बॅटरीची जोडणी असते आणि ती आधी सुटी केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नसतो. कवच आणि उष्णतेची नळी यांच्यामध्ये घट्ट लेप असतो. कवच उचलले की तो फाटतो आणि परत बसवताना नव्याने भरावा लागतो. तो न भरता झाकण लावले तर जोडणी सुधारेल आणि यंत्र तापेल.

मंदार_ठाणे

इतके उघडण्यापेक्षा जॉय-कॉनच्या रुळाच्या मागच्या बाजूला पातळ चिकटपट्टी लावली तर? माझ्या ओळखीच्या एकाने ती लावली आहे आणि डगडग थांबली आहे.

यंत्रवेल्हाळ

मंदार, हा उपाय अर्धा बरोबर आहे. चिकटपट्टीने पुढे-मागे होणारा ढिलेपणा भरून निघतो, आणि दोष तेवढाच असेल तर संपर्कही टिकतो. सुप्रियाताईंचा जॉय-कॉन वर सरकतो, आणि त्यावर चिकटपट्टीचा उपयोग केवळ घर्षण वाढवण्यापुरता आहे. शिवाय साध्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यात सैल होऊन रुळाखाली वाहत जातो आणि थेट पिनांवर बसतो. लावायचीच असेल तर उष्णता सोसणारी पिवळी पॉलिइमाइडची पट्टी, एकच थर, आणि पिनांपासून दूर अशी लावावी. जॉय-कॉन घट्ट जात असेल तर ती काढावी, कारण मग जोर लावल्याने यंत्राकडच्या रुळाचे स्क्रूच सैल होतात.

आता खिट्टी बदलण्याविषयी. तीन पात्यांचा वाय०० मापाचा आणि अगदी बारीक चार पात्यांचा असे दोन स्क्रूड्रायव्हर लागतात. मागचे चार स्क्रू तीन पात्यांचे आहेत, ते दुसऱ्या हत्याराने फिरवण्याचा मोह टाळावा, कारण त्यांचे माथे लगेच गुळगुळीत होतात. जॉय-कॉन पुस्तकासारखा उघडायचा आणि दोन्ही अर्ध्या भागांमधील पट्टीकेबलींवर ताण येऊ द्यायचा नाही. आधी बॅटरीची जोडणी सुटी करावी. बॅटरी ३.७ व्होल्टची, ५२५ मिलीअँपिअर-तासांची आहे. ती धातूच्या टोकाने उचकटू नये, प्लास्टिकची पट्टी वापरावी. खिट्टी सुटकेच्या बटणाजवळ आहे आणि तिच्यामागे एक सूक्ष्म स्प्रिंग आहे. हे काम मी मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करतो, कारण ती स्प्रिंग एकदा उडाली की गालिच्यात सापडत नाही. काढण्यापूर्वी स्प्रिंग कोणत्या दिशेने बसली आहे त्याचा फोटो घ्यावा. नवी खिट्टी बसवल्यावर झाकण बंद करण्यापूर्वी बटण दाबून पाहावे. दात आत जाऊन लगेच बाहेर यायला हवा.

ओवी_टोरांटो

नवी खिट्टी प्लास्टिकची घ्यावी की धातूची? दोन्ही विकत मिळतात. धातूची झिजत नाही, म्हणून मी तीच लावली.

यंत्रवेल्हाळ

इथे माझे मत तुमच्या विरोधात आहे. यंत्राकडचा रूळ धातूचा असला तरी तो महागडा भाग आहे, आणि खिट्टी स्वस्त. झिजायचीच असेल तर जी बदलायला सोपी ती झिजावी. धातूवर धातू घासून खाचेची कड उतरली तर पुढचे काम कवच, लेप आणि केबलपर्यंत जाते.

ओवी_टोरांटो

माझ्या रुळाच्या खाचेवर अजून तरी ओरखडा नाही, आणि लहान मुलांच्या घरात प्लास्टिकची खिट्टी वर्षभर टिकत नाही. तिच्यासाठी दर वेळी तो जॉय-कॉन उघडत बसण्यात आतल्या पट्टीकेबलींना जो धोका आहे, तो तुम्ही हिशेबात धरत नाही.

यंत्रवेल्हाळ

तो मुद्दा खरा आहे. केबलीच्या सॉकेटचे पापुद्रे वारंवार उघडल्याने तुटतात, हे मी नाकारत नाही. तरीही मी प्लास्टिकचीच लावीन.

खोडरबर

स्विच २ मध्ये ही भानगडच नाही. तिथे जॉय-कॉन चुंबकाने बसतात, २०२५ पासून.

यंत्रवेल्हाळ

तिथे रूळ गेला, पण पिना आहेतच. त्यांचा अनुभव माझ्याकडे अजून दुरुस्तीला आलेला नाही.

सुप्रिया_नाशिक

घरातल्या वादातही मत बरोबर अर्धे अर्धे झाले, म्हणून आधी प्लास्टिकची खिट्टी मागवली आणि एका परिचित घड्याळ दुरुस्ती करणाऱ्या काकांकडून बसवून घेतली. त्यांच्याकडे भिंग, बारीक हत्यारे आणि धीर हे तिन्ही होते. जुनी खिट्टी नव्याशेजारी ठेवली तेव्हा उतरती कड उघड्या डोळ्यांनीही दिसत होती. आता जॉय-कॉन बसताना आवाज होतो, ओढल्यावर सरकत नाही आणि Airplane Mode सुरू ठेवूनही यंत्र उचलून, तिरके करून खेळता येते.

राहिला तो पुढे-मागे पिळल्यावर येणारा ढिलेपणा. यंत्राच्या डाव्या रुळात दिसणारे स्क्रू काकांनी बाहेरूनच तपासले. एक अर्ध्या फेऱ्याने घट्ट झाला, आणि सर्वांत खालचा मात्र कितीही फिरवला तरी आवळला जात नाही, नुसता फिरत राहतो. पिळल्यावर आता क्वचित नोंद थांबते. हा एक स्क्रू सुटा आहे एवढ्यावरून रूळ बदलायला हवा का?

यंत्रवेल्हाळ

आवळला न जाणारा स्क्रू म्हणजे आतला आटा गेला आहे. सर्वांत खालचा स्क्रू पिनांच्या सर्वांत जवळचा, त्यामुळे तिथे रूळ हलला तर पिनाही हलतात. पिळल्यावर येणारी क्वचित तूट यातून समजते. मोठा स्क्रू घालू नका, तो आतल्या केबलीपर्यंत पोचू शकतो. डिंक किंवा इपॉक्सीही भरू नका, कारण पुढे रूळ बदलायचा झाला तर तो निघणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर सध्या हातच लावला नसता. Airplane Mode ची परीक्षा महिन्यातून एकदा तशीच घ्या. शेजाऱ्यांच्या जॉय-कॉनवरही तूट वाढत गेली, तर दोष रुळाचा, आणि मग ओवी यांनी सांगितलेले काम. तोवर जॉय-कॉन काढताना सुटकेचे बटण पूर्ण दाबून सरळ वर सरकवायचा, पिळून काढायचा नाही, एवढे मुलाला सांगा.

ओवी_टोरांटो

वाट पाहण्याबाबत एक सावधगिरी. रूळ हलत राहिला तर पिनांचा ताण कमी होत जातो आणि दबलेली पिन पूर्ववत होत नाही. रूळ अजून मिळतो आहे तोवर घेऊन ठेवावा, बसवायचा नंतर. आणि घेताना डावा रूळ डाव्याचाच आहे याची खात्री करावी. दोन्ही बाजूंचे रूळ एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

सुप्रिया_नाशिक

डावा रूळ मागवला आहे. काकांनी झाकण उघडायला होकार दिला आहे, फक्त लेप कोणता घ्यावा असे ते विचारत आहेत. संगणकाच्या प्रोसेसरवर लावतात तोच चालेल का?

ओवी_टोरांटो

उष्णतेची नळी आणि कवच यांच्यातले अंतर मोठे असते, त्यामुळे पातळ लेप तिथे पोकळी सोडतो. घट्ट, पोटीनसारखा, अंतर भरणारा प्रकार घ्या. प्रोसेसर आणि त्या नळीच्या मधल्या लेपाला मात्र हात लावायची गरज नाही, तो भाग कवच काढताना उघडत नाही.